भुवया काळ्या करू नका, केसांशी जुळवा

फोटो स्टुडिओ टाकायचाय, किंवा झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानाला फोटोचं काम जोडायचंय, अशा मंडळींसाठी आजचा विषय आहे. विषय छोटा वाटेल, पण ग्राहक फोटो हातात घेऊन "हा मी वाटतच नाही" म्हणतो, तेव्हा दहातल्या निम्म्या वेळी तरी भुवयांवर कुणीतरी केलेलं काम हेच कारण असतं, असा माझा अंदाज. व्हिडिओत मी स्क्रीनवर करून दाखवलंय. इथे मी 'का' ते लिहितोय, कारण बटणं पाठ करून हे काम येत नाही.

आमचं देहूरोड कसं आहे ते तुम्हाला माहीत आहे. कॅन्टोन्मेंट, डेपो, ऑर्डनन्स फॅक्टरी, त्यातून रिटायर झालेली माणसं, आणि निगडी-तळेगावच्या कंपन्यांत जाणारी तरुण मुलं. म्हणजे दुकानात दोन प्रकारचे चेहरे जास्त येतात. एक, पन्नाशी-साठीतले काका-काकू, केसांना डाय किंवा मेंदी लावलेली आणि भुवया पांढऱ्या राहिलेल्या. दुसरे, लग्नाच्या बायोडाटासाठी आलेले मुलगे-मुली, केस ब्राऊन किंवा बर्गंडी केलेले आणि भुवया कुळकुळीत काळ्या. दोघांची तक्रार एकच असते, "दादा, भुवया वेगळ्याच दिसतायत." आणि बहुतेक दुकानांत दोघांना उपाय पण एकच मिळतो. ब्रश घ्यायचा, काळा रंग घ्यायचा, फिरवायचा. झालं.

माझं मत स्पष्ट आहे. भुवईला काळा रंग लावणं हे रिटचिंग नाही, ते रंगकाम आहे. भुवईचा रंग केसांवरून ठरतो, आणि तिचा आकार ज्याच्या त्याच्या चेहऱ्याचा असतो. रंग बदलायला मी लगेच तयार होतो. आकाराला हात लावायला फार विचार करतो. यामागे कारण आहे. 2003 साली अमेरिकेत एमआयटीमधल्या पवन सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. प्रसिद्ध व्यक्तींचे फोटो घेतले, काहींतून डोळे पुसले, काहींतून भुवया पुसल्या आणि लोकांना ओळखायला सांगितलं. डोळे पुसल्यावर जेवढी अडचण आली त्यापेक्षा भुवया पुसल्यावर जास्त आली. म्हणजे आपण ज्याला किरकोळ समजून वाकवतो, त्यावरच माणूस ओळखला जातो.

आता खरं काम बघू. एक उदाहरण घेऊ, कारण या प्रकारचं काम तुमच्याकडे हमखास येणार. साठीच्या जवळपासच्या काकू आहेत. लग्नाच्या वाढदिवसासाठी मुलांना 12 बाय 18 ची फ्रेम करायचीय. केस काळपट तपकिरी डाय केलेले, भुवया जवळजवळ पांढऱ्या, मधे थोडे जुने काळे केस. त्वचा गव्हाळ.

इथे एक गोष्ट आधी लक्षात घ्या, यूट्यूबवरचे बरेचसे परदेशी व्हिडिओ ती सांगत नाहीत. गोऱ्या कातडीवर पांढरी भुवई दिसतच नाही, त्यामुळे तिथे नुसतं गडद केलं तरी चालून जातं. आपल्याकडे पांढरा केस हा त्वचेपेक्षा उजळ असतो. भुवईचा फोटो मोठा करून बघा, सावळ्या-गव्हाळ पार्श्वभूमीवर उजळ रेघा दिसतील. म्हणजे आपल्याला पूर्ण भुवई गडद करायची नाहीये. फक्त उजळ रेघा गडद करायच्यात आणि मधली त्वचा आहे तशी ठेवायचीय.

आकड्यांत सांगतो म्हणजे पटेल. फोटोत 0 म्हणजे पूर्ण काळा आणि 255 म्हणजे पूर्ण पांढरा. समजा या काकूंची भुवईमागची त्वचा 140 आहे, पांढरा केस 205 आहे आणि डोक्यावरचे केस 45 च्या आसपास आहेत. आता तुम्ही 60 उजळपणाचा तपकिरी रंग घेऊन `Multiply` मध्ये भुवईवर फिरवला. `Multiply` काय करतं, तर दोन आकडे गुणतं आणि 255 ने भागतं. पांढरा केस 205 वरून 48 वर आला. छान. पण मधली त्वचा 140 वरून 33 वर गेली, म्हणजे केसापेक्षाही काळी झाली! आता सांगा, भुवई दिसणार का बूटपॉलिशचा डाग? कितीही मऊ ब्रश घेतला तरी हा डाग येणारच, कारण चूक हाताची नाही, गणिताची आहे.

यावर उपाय फोटोशॉपमध्ये वर्षानुवर्षं पडून आहे, त्याचं नाव `Blend If`. पद्धत अशी. `Solid Color` ची नवी लेअर घ्यायची. रंग स्वतःच्या मनाने निवडायचा नाही. आयड्रॉपरचं सॅम्पल `5 by 5 Average` ठेवायचं आणि काकूंच्या कपाळाजवळच्या केसांतून रंग उचलायचा. केसांवर जिथे लाईटची चमक आहे तिथून नाही, जिथे एकदम सावली आहे तिथून पण नाही, मधल्या भागातून. अगदी मुळाशी पांढरं वाढलं असेल तर त्याच्या जरा वरून घ्या. मग लेअरचा मोड `Multiply` करायचा. लेअरसोबत मास्क आलेला असतो, तो सिलेक्ट करून `Ctrl+I` दाबायचं, म्हणजे सगळा परिणाम लपतो. आता पांढऱ्या मऊ ब्रशने, भुवईच्या रुंदीपेक्षा लहान साईज घेऊन, फक्त भुवईवर मास्क उघडायचा. या टप्प्यावर काकूंना डाग पडलेला दिसेल, घाबरू नका.

आता लेअरच्या उजव्या रिकाम्या जागेवर डबल क्लिक करा. जी खिडकी उघडते तिच्यात तळाशी `Blend If` आहे, त्यात `Underlying Layer` ची पट्टी. डाव्या टोकाचा काळा त्रिकोण उजवीकडे सरकवा. जसा सरकवाल तसा त्वचेवरचा डाग नाहीसा होत जाईल आणि रंग फक्त उजळ केसांवर उरेल. मग `Alt` दाबून त्रिकोणाचे दोन तुकडे करा. आपल्या उदाहरणात एक तुकडा 150 वर आणि दुसरा 185 वर. याचा अर्थ 150 च्या खालच्या कशालाही रंग लागणार नाही, 185 च्या वर पूर्ण लागेल, आणि मधे हळूहळू. त्रिकोण फोडला नाही तर केसांच्या कडा करवतीच्या दातांसारख्या दिसतात, त्यामुळे ही पायरी गाळू नका.

शेवटी लेअरची `Opacity` कमी करायची. पूर्ण 100 टक्के ठेवली तर पांढरा केस 48 वर जातो, म्हणजे डोक्यावरच्या केसांइतकाच काळा. साठीच्या चेहऱ्यावर ते खोटं दिसतं. 75 टक्क्यांवर आणा, केस 87 च्या आसपास येतो. डोक्यावरचे केस 45, भुवई 87, त्वचा 140. भुवई केसांच्या घराण्यातली दिसते पण त्यांच्यापेक्षा फिकी राहते. ब्युटी पार्लरवाल्या ताई पण हेच सांगतात, केस गडद असतील तर भुवई एक पायरी फिकी ठेवायची. आणि मी अजून एक करतो, पाच-दहा टक्के केस पांढरेच सोडतो. मास्कवर बारीक काळ्या ब्रशने दोन-चार ठिकाणी टिचक्या मारल्या की झालं. लोक फोटो बघून "काकू छान दिसतायत" म्हणतात, "फोटोशॉप केलंय" असं म्हणत नाहीत.

मेंदीवाल्या केसांचं थोडं वेगळं आहे. मेंदी पांढऱ्या केसावर नारिंगी चढते. तोच रंग उचलून भुवईला लावला तर भुवया नारिंगी होतील, आणि खऱ्या आयुष्यात मेंदी सहसा कुणी भुवईला लावत नाही. त्यामुळे उचललेल्या रंगाचं सॅच्युरेशन निम्म्यावर आणा आणि रंग जरा गडद करा. तांबूस छटा फक्त जाणवली पाहिजे.

या पद्धतीला मर्यादा आहेत, त्या सांगतो. भुवईच्या हाडावर तेलकट चमक असेल तर ती पण 185 च्या वर जाते आणि तिला रंग लागतो, म्हणून मास्क रुंद उघडायचा नाही. चष्म्याची फ्रेम भुवईवरून जात असेल तर तो भाग हाताने झाकावा लागतो. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो. त्यात फोटो दाबला जातो, बारीक केस विरघळून चौकोनी ठिपके होतात. केस वेगळे दिसतच नाहीत तर `Blend If` बिचारं काय वेगळं करणार? ग्राहकाला सांगा, "फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा". निम्मी कामं एवढ्यानेच सोपी होतात.

फोटोशॉप परवडत नसेल तर ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी आहे, फुकट आहे, जाहिराती दिसतात. `Blend If` त्यातही आहे. सुरुवातीला सॉफ्टवेअरवर पैसे घालण्यापेक्षा स्क्रीन बरी घ्या.

आता तरुण मंडळी. केस ब्राऊन, भुवया काळ्या. इथे उलटं करायचंय, गडद केस उजळ करायचेत आणि त्वचा तशीच ठेवायचीय. `Curves` ची लेअर घ्या, गडद भाग थोडा वर उचला, मास्क भुवईपुरता उघडा, आणि `Underlying Layer` चा यावेळी उजवीकडचा पांढरा त्रिकोण डावीकडे आणा म्हणजे त्वचा सुटेल. मग वर रंगाची लेअर `Color` मोडमध्ये, वीस-पंचवीस टक्के. क्रम उलटा केला तर काहीच होत नाही, कारण अगदी काळ्यावर रंग चढतच नाही, आधी तो थोडा उजळ व्हावा लागतो. आणि रंग उचलताना हायलाईटच्या सोनेरी बटेतून उचलू नका. मुळाजवळच्या गडद केसातून उचला. सोनेरी भुवया आपल्या त्वचेवर आजारी दिसतात. खरं सांगायचं तर अशा दहा फोटोंतल्या सात फोटोंना मी काहीच करत नाही. केसांचा रंग आणि काळी भुवई हे आपल्याकडे इतकं नेहमीचं आहे की मुलाकडच्यांना ते खटकत नाही. ग्राहकाला खटकलं तरच करा.

आता आकार. इथे मी जरा कडक आहे.

बायोडाटाच्या फोटोत एक भुवई वर, एक खाली दिसते आणि मुलगी म्हणते "सारख्या करा ना". बरेच जण लगेच `Liquify` उघडून वरची खाली ढकलतात. पण ती वर का आहे ते आधी बघा. कपाळावर त्याच बाजूला बारीक आठ्या असतील, तर तिने फोटो काढताना भुवई उचललेली आहे. भुवई खाली आणली आणि आठ्या तशाच राहिल्या, तर चेहरा विचित्र दिसतो आणि का ते कुणालाच सांगता येत नाही. मान कलली असेल तर एक भुवई वर दिसणारच, ती चूक नाही. यावर खरा उपाय कॅमेऱ्याजवळ आहे. तीन-चार फ्रेम जास्त घ्या, "ताई, कपाळ सैल सोडा" म्हणा. पंधरा मिनिटांचं काम दहा सेकंदांत होतं.

दुसरी वाईट सवय म्हणजे चांगली भुवई कॉपी करून उलटी फिरवून दुसरीकडे चिकटवणं. लाईट एका बाजूने येतो, त्यामुळे चिकटवलेल्या भुवईची सावली चुकीच्या बाजूला पडते. शिवाय कुणाच्याच दोन भुवया आरशासारख्या नसतात. एवढं जुळलेलं दिसलं की चेहरा मुखवटा वाटतो.

मी आकारात दोनच गोष्टी करतो. एक, थ्रेडिंगनंतर उगवलेले सुटे केस भुवईच्या खालून काढतो. नवीन रिकामी लेअर, हीलिंग ब्रश, `Sample` मध्ये `Current & Below`, आणि एकेक केस. वरच्या बाजूचे केस सहसा सोडतो. दोन, भुवईत मधेच मोकळी जागा असेल, विरळ शेपूट असेल, तर तिथे केस काढतो. एक-दोन पिक्सेलचा ब्रश, कपाळाजवळच्या केसांचा रंग, साठ टक्के ओपॅसिटी. इथे केसांची दिशा चुकली की सगळं चुकलं. नाकाजवळच्या टोकाला केस जवळपास उभे असतात. मधे ते कानशिलाकडे कलतात. वरच्या ओळीतले केस खाली झुकतात, खालच्या ओळीतले वर चढतात, आणि दोन्ही मधल्या रेषेवर भेटतात. शेपटीला सगळे बाहेर आणि खाली जातात. स्वतःची भुवई आरशात बघा, दिसेल. रेघ मुळाशी जाड आणि टोकाला बारीक हवी, ते माऊसने नीट जमत नाही, त्याला साधा पेन टॅब्लेट लागतो.

"नाकपुडीच्या रेषेत भुवई सुरू व्हावी, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या रेषेत संपावी" हे पार्लरमधलं माप तुम्ही ऐकलं असेल. मेकअपला ते ठीक आहे. फोटोत ते लावू नका. ते समोरून सरळ बघितलेल्या चेहऱ्याचं माप आहे, आणि फोटोत मान जरा जरी वळली की रेषा सरकते. त्यातून मोबाईल जवळ धरून काढलेला फोटो असेल तर नाकच मोठं आलेलं असतं, मग नाकपुडीवरून काय मोजणार?

बरं, हे काम कॉम्प्युटरच्या आधी पण होतं. जुन्या स्टुडिओत निगेटिव्हवर पेन्सिलने रिटचिंग करायचे. गंमत अशी की निगेटिव्हवर पेन्सिल मारली की प्रिंटमध्ये ती जागा उजळ होते. म्हणून सुरकुत्या, डाग पेन्सिलने जायचे, पण भुवई गडद करायची तर एकतर निगेटिव्हचा थर धारदार पात्याने खरवडायचा, नाहीतर तयार प्रिंटवर बारीक कुंचल्याने रंग भरायचा. खरवडलेलं परत येत नाही, त्यामुळे ती माणसं भुवईला हात लावताना दहादा विचार करायची. आपल्याकडे `Ctrl+Z` आहे म्हणून विचार सुटलाय.

तपासायचं कसं? तीन गोष्टी करा. फोटो शंभर टक्क्यांवर बघा, तीनशेवर काम करून तिथेच खूष होऊ नका. मग फोटो आडवा उलटा करून बघा, डोळ्याला झालेली सवय तुटते आणि जास्त झालेलं लगेच दिसतं. आणि सगळ्यात वर एक `Black & White` लेअर तात्पुरती टाका. रंग गेला की फक्त गडद-फिकं उरतं. त्यात भुवई हे चेहऱ्यावरचं सगळ्यात काळं ठिकाण दिसत असेल, बाहुलीपेक्षाही काळं, तर ओपॅसिटी कमी करा. मोठी फ्रेम असेल तर आधी 4 बाय 6 चा एक प्रिंट काढा. आपल्या स्क्रीन बहुतेक वेळा जास्त उजळ ठेवलेल्या असतात, प्रिंट त्यापेक्षा गडद येतो, आणि भुवईतला बारीक फरक सगळ्यात आधी तिथेच बुजतो.

एक काम मात्र वेगळं ठेवा, ते म्हणजे गेलेल्या माणसाची तसबीर. घरचे ग्रुप फोटोतून चेहरा कापून आणतात, भुवई वीस-पंचवीस पिक्सेलची असते. तिथे केस वगैरे काढायला जाऊ नका. फार तर पूर्ण भुवईवर हलका गडदपणा द्या, दहा-पंधरा टक्के. भुवईत जुन्या जखमेची चीर असेल तर ती बुजवू नका. आपल्याला तो दोष वाटतो, घरच्यांसाठी तेच आजोबा असतात. आणि प्रूफ घरातल्या मोठ्या माणसाला दाखवा, फोटो घेऊन आलेल्या पुतण्याला नाही.

पैशाचं बोलू. भुवयांचं काम मी पॅकेजमध्ये फुकट घालत नाही. फ्रेमच्या बिलात ओळ वेगळी लिहितो, "भुवया - रंग". वेगळी ओळ असली की ग्राहक थांबून विचारतो, नक्की काय करणार? मग मी आधीचा-नंतरचा नमुना दाखवतो आणि तो हो किंवा नाही म्हणतो. विचारल्याशिवाय केलेलं काम, कितीही छान झालं तरी, लोकांना आवडत नाही. "माझ्या चेहऱ्यात काय वाईट होतं?" असा तो प्रश्न असतो. विशेषतः मुलीच्या फोटोबाबत आई काउंटरवर उभी राहून सांगते, "भुवया जरा कोरीव करा". मी मुलीकडे बघून विचारतो, "ताई, तुम्हाला हव्यात का?" फोटो जिचा, होकार तिचा.

आणि पासपोर्ट, लष्करी पेन्शनचा नवरा-बायकोचा संयुक्त फोटो, नोकरीचा अर्ज, यातल्या कशालाही भुवईचं काम करत नाही. पासपोर्टच्या फोटोबाबत तर नियमच आहे, सॉफ्टवेअरने बदललेला फोटो चालत नाही. तिथे चेहरा जुळवला जातो, आणि भुवई ही जुळवणीची खूण आहे. रिटायर झालेले काका म्हणतात, "अरे, पाहिजे तर शंभर जास्त घे, पण पांढऱ्या भुवया काढ." त्यांना मी सांगतो, "काका, पेन्शनला असाच फोटो जाऊ द्या. घरातल्या फ्रेमसाठी दुसरा काढू, त्यात करतो." बहुतेक वेळा ते दोन्ही काढून घेतात. अर्जाच्या आणि फ्रेमच्या फाईली दोन वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, नावातच "अर्ज" आणि "फ्रेम" लिहा. सहा महिन्यांनी तेच काका परत प्रिंट मागायला येतात, तेव्हा काउंटरवर तुम्ही नसता, मुलगा असतो, आणि त्याला फाईलच्या नावावरूनच कळलं पाहिजे की पासपोर्टला कुठली द्यायची.